चाल एकच, चिलखतं अनेक

द्विमितीय गेममधला एक शिपाई घ्या. त्याच्या हालचाली वीस आणि पोशाख बारा. प्रत्येक चौकट हाताने काढायची तर हालचालींचे 240 संच रंगवावे लागतील. ‘स्पाइन’सारख्या सांगाड्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हालचाली वीसच राहतात आणि पोशाखांची तेवढी चित्रं काढावी लागतात.

कारण तिथे हालचाल चित्राला दिलेलीच नसते, हाडांना दिलेली असते. हाडांवर स्लॉट असतात. स्लॉट म्हणजे हाडाला ठोकलेली खुंटी. तिच्यावर एका वेळी एकच चित्र टांगायचं. या चित्राला अटॅचमेंट म्हणतात. आणि स्किन ही नुसती यादी असते: अमुक स्लॉटवर अमुक नावाने मागणी आली, तर हे चित्र द्यायचं.

आपल्या शिपायाच्या हाताचा स्लॉट `hand`. त्यावर दोन नावं आहेत: `open` आणि `fist`. तलवार उगारताना हालचाल फक्त ‘आता `fist`’ एवढंच सांगते. सुती कपड्यांच्या स्किनमध्ये त्या नावाखाली उघडी मूठ असते, चिलखताच्या स्किनमध्ये लोखंडी हातमोज्याची. हालचालीला यातलं काही ठाऊक नसतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

आता चित्रकार चिलखतासाठी `open` काढतो आणि `fist` विसरतो. उभा असताना शिपाई झकास दिसतो. वार करायला गेला, की तलवार हवेत आणि हात गायब! मागितलेलं चित्र आधी चालू स्किनमध्ये आणि मग मूळच्या डिफॉल्ट स्किनमध्ये शोधलं जातं. दोन्हीकडे नसेल तर स्लॉट रिकामा राहतो. म्हणून नवा पोशाख उभ्या स्थितीत तपासून भागत नाही, सगळ्या हालचाली चालवून पाहाव्या लागतात.

दुसरी फसगत खेळ चालू असताना होते. साध्या पोशाखात शिरस्त्राण नव्हतं, चिलखतात आहे. स्किन बदलली तरी डोकं बोडकंच! बदलताना जुन्या स्किनचं जे चित्र टांगलेलं होतं, त्याचीच जागा नवं चित्र घेतं. रिकामा स्लॉट रिकामाच राहतो. त्यावर उपाय सोपा आहे. स्किन बदलल्यावर स्लॉट मूळ मांडणीवर आणायचे आणि चालू हालचाल पुन्हा लावायची.

लवचिक कपड्यांचं प्रकरण जरा नाजूक. झग्याच्या चित्रावर जाळी बसवून तिचे बिंदू हाडांना बांधलेले असतात. प्रत्येक झग्यासाठी हे नव्याने करायला नको, म्हणून मूळ जाळीला जोडलेली दुसरी जाळी वापरतात. तिच्यात चित्र तेवढं बदलतं. पण घोट्यापर्यंतचा घोळदार झगा आखूड अंगरख्याच्या जाळीत बसवला, की कापड ताणलेलं दिसतं. तिथे वेगळी जाळी करण्याला पर्याय नाही.

कोणतं चित्र पुढे आणि कोणतं मागे, हा क्रम स्लॉटचा असतो, स्किनचा नव्हे. त्यामुळे पाठीमागून खांद्यावर येणाऱ्या झग्याला पुढचा आणि मागचा असे दोन स्लॉट सुरुवातीलाच ठेवलेले बरे, पहिल्या पोशाखात ते रिकामे राहिले तरी.