अपंगांच्या संडासाला कायम कुलूप का?

वस्तीत नवा सार्वजनिक संडास झाला की टोकाला एक रुंद दार दिसते. दारावर चाकाच्या खुर्चीचे चित्र असते आणि बहुतेक ठिकाणी बाहेरून कुलूप असते. केअरटेकरला विचारले की उत्तर ठरलेले, "इथं कुणी अपंग येतच नाही, ताई." म्हणून आत झाडू, फिनेलचे कॅन आणि फुटक्या बादल्या ठेवलेल्या.

कुणी येत नाही हे खरे आहे. पण त्याच गल्लीत लकवा मारलेली आजी असते, गुडघे गेलेले आजोबा असतात, मधुमेहात पाय गमावलेला कुणी असतो. ही माणसे घरातल्या मोरीत उरकतात, नाहीतर दुपारनंतर पाणी पिणेच सोडतात. मग लघवीला जळजळ, ताप, बद्धकोष्ठता. औषधाने ताप उतरतो, पण पाणी पिणे वाढत नाही आणि दुखणे पुन्हा येते. त्यामुळे ही माणसे त्या दारापर्यंत का पोचत नाहीत, ते टेप घेऊन मोजूनच बघायला हवे.

मी मोजलेल्या एका संडासाचे सांगते. जोते जमिनीपासून १८ इंच उंच होते. रॅम्प बांधला होता, पण त्याची लांबी होती जेमतेम ६ फूट. नियम सोपा आहे: चढायच्या प्रत्येक १ इंचाला रॅम्प १२ इंच लांब हवा. म्हणजे १८ इंचाला १८ फूट. सहा फुटांत तेवढे चढायचे म्हणजे तिप्पट चढ. खुर्ची ढकलणाऱ्या बाईची ताकद पुरत नाही, आणि उतरताना ओल्या फरशीवरून खुर्ची सुटते. काठीवाल्या माणसाला तर असा रॅम्प पायऱ्यांपेक्षा वाईट. तिथे तो पाणी टाकायला आणि गाड्या लावायला वापरला जात होता.

ठेकेदाराचे म्हणणे, "जागाच नाही, अठरा फूट कुठून आणू?" त्यात तथ्य होते, कारण गल्ली अरुंद होती. जोते कमी करणेही सोपे नव्हते, कारण मैला वाहून जायला भांडे पुढच्या चेंबरपेक्षा उंच लागते. पण गल्लीला चढ होता. इमारतीच्या वरच्या टोकाला हेच जोते जमिनीपासून फक्त ६ इंच उंच होते. अपंगांचा संडास त्या टोकाला काढला असता तर ६ फुटांचा रॅम्प बरोबर पुरला असता. नकाशावर खोली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेण्याइतकेच ते काम होते. बांधून झाल्यावर मात्र भिंती फोडाव्या लागतात. म्हणून नकाशा मंजूर होण्याआधी वस्तीतल्या दोन माणसांनी जागेवर उभे राहून पाहिले पाहिजे. (रॅम्प ४ फूट रुंद हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि वर पोचल्यावर खुर्ची वळवायला ५ फूट सपाट जागा हवी.)

आता दार. चौकट ३ फुटांची असली तरी दार उघडल्यावर त्याची जाडी आणि बिजागऱ्या जागा खातात. म्हणून चौकट न मोजता, दार पूर्ण उघडून मोकळी जागा मोजा, ती ३ फूट भरली पाहिजे. दार बाहेर उघडणारे हवे. आत माणूस चक्कर येऊन दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार ढकलताच येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी मिळते, तीच बसवावी.

आत साधारण साडेसहा फूट बाय सव्वासात फूट जागा लागते. खुर्ची कमोडच्या शेजारी लावून त्यावर सरकायचे असते, म्हणून कमोडच्या एका बाजूला किमान ३ फूट मोकळे हवे. कमोडची बैठक १८ ते १९ इंच उंच. बाजूच्या भिंतीला धरायचा दांडा, जमिनीपासून साधारण २८ इंचांवर. या दांड्यातच सर्वांत जास्त फसवणूक होते. साडेचार इंची भिंतीत टाइलवर प्लास्टिकच्या खुंट्या मारून दांडा बसवला तर उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो, पण पहिल्याच जड माणसाच्या हातात येतो. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी हवी. ताबा घेताना एखाद्या धडधाकट माणसाने दांड्याला लटकून पाहावे. दांडा हलला तर सही करू नये.

आपल्या वस्त्यांत चाकाच्या खुर्चीपेक्षा काठी आणि दुखरे गुडघे जास्त. अशा अनेकांना देशी भांडेच चालते, फक्त बसता-उठताना धरायला काही नसते. म्हणून माझे मत असे, की बायकांच्या आणि पुरुषांच्या रांगेत निदान एकेका साध्या संडासातही तसाच पक्का दांडा लावावा. खर्च थोडा आणि उपयोग रोजचा. दिवस भरत आलेल्या बाईलाही तो लागतो.

एक अडचण नकाशात दिसत नाही. लकवा झालेल्या बाईला घरी नवरा किंवा मुलगा उचलतो. अपंगांचा संडास बायकांच्या भागाच्या आत असेल तर तो तिला घेऊन जाणार कसा? अशी खोली बाहेरच्या मोकळ्या जागेतून थेट उघडणारी हवी. आणि पैसे घेणारा संडास असेल तर सोबत्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत.

एवढे सगळे बरोबर असूनही खोली बंद पडते, ती पाण्यामुळे. कमोड साफ व्हायला एकदम सहाएक लिटर पाणी जोरात पडावे लागते. नळ कोरडा असला की लोक डबाभर पाणी टाकतात, मैला तसाच राहतो, चार दिवसांत कमोड तुंबतो. मग कुणी बैठकीवर पाय ठेवून बसतो, बैठक मोडते, आणि केअरटेकर कुलूप लावतो. उपाय म्हणजे त्या खोलीत भरलेले पिंप आणि हलकी, हाताला पोचेल अशी छोटी बादली. पिंप रोज सकाळी भरले का, हे पाहण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने ठरवावी. फरशी दिवसातून दोनदा पुसून कोरडी करावी, कारण काठीचे रबर ओल्यावर घसरते. सफाईला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत सफाई करणाऱ्याचा जीव गुदमरतो. टाकी भरली तर गाडी बोलवायची. माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि उतरवला जातो तो कुठल्या वस्तीतला, हे आपल्याला माहीत आहे.

किल्लीबद्दल भांडण होतेच. "उघडे ठेवले तर सगळेच वापरतात" असे केअरटेकर म्हणतो. वापरू द्या. रोज वापरली जाणारी खोली रोज धुतली जाते, मोडलेले लगेच कळते. गरजू आला की त्याला आधी सोडायचे, एवढा नियम दारावर लिहून ठेवावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येण्याजोग्या असणे बंधनकारक आहे. अर्ज करताना "सोय नाही" असे मोघम लिहू नका. जोते १८ इंच, रॅम्प ६ फूट, हवा १८ फूट. दाराची मोकळी जागा किती. दांडा हलतो का. कुलूप कोणत्या तारखांना होते, असे लिहा. फोटो काढताना टेप लावूनच काढा. अर्ज पालिकेच्या प्रभाग कार्यालयात देऊन पोचशिक्का घ्या. दाद लागली नाही तर त्याची प्रत जोडून पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.