‘मेघदूता’तला यक्ष मातला होता की चुकला होता?

पनवेलला पाऊस लागला आणि कर्नाळ्याचा सुळका ढगात गेला की मी ‘मेघदूत’ काढते. यंदा पहिल्याच श्लोकाचे दोन अनुवाद मैत्रिणीने आणि मी वेगवेगळे करून पाहिले. यक्षाला वर्षभर हद्दपारी का झाली, ते तिथे सांगितलंय.

मैत्रिणीने लिहिलं, ‘अधिकारात मातलेला यक्ष’. मी लिहिलं, ‘नेमल्या कामात हयगय केलेला यक्ष’.

मुळात ‘स्वाधिकारात्’ आणि ‘प्रमत्त’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसगत होते. मराठीत अधिकार म्हणजे सत्ता; इथे त्याचा अर्थ नेमून दिलेलं काम. शेवटचा ‘आत्’ आपल्याला सप्तमीसारखा ऐकू येतो, पण ती पंचमी आहे: ज्या गोष्टीत दुर्लक्ष होतं, तिला संस्कृतात पंचमी लागते. आणि ‘प्रमत्त’ म्हणजे इथे माजलेला नव्हे, तर बेसावध. टीकाकार मल्लिनाथही हाच अर्थ देतो.

फरक केवढा पडतो बघा. मातलेल्याला शिक्षा झाली तर आपण म्हणतो, बरं झालं. मग पुढचा सगळा विरह पश्चात्तापासारखा वाचला जातो. हयगय मात्र कुणाच्याही हातून होते. त्यासाठी बायकोपासून वर्षभर ताटातूट? शाप जड वाटायला लागतो आणि आपण यक्षाच्या बाजूला जाऊन बसतो.

‘हयगय’वरही माझं पूर्ण समाधान नाही. त्यात थोडा आळस डोकावतो. ‘कामात लक्ष नसलेला’ म्हटलं तर लक्ष कुठे होतं, हे वाचकाला आपोआप कळतं.