सहसंबंध ०.९५, पण खताचा गुण किती?

सहा ऊस उत्पादक घेऊ. आकडे मी सोयीसाठी रचलेले आहेत. तिघांची जमीन हलकी, मुरमाड. त्यांनी एकरी २, ३ आणि ४ पोती खत टाकले आणि ३०, ३२ आणि ३० टन ऊस काढला. उरलेल्या तिघांची जमीन भारी, काळी, शिवाय विहिरीला बारमाही पाणी. त्यांनी ७, ८ आणि ९ पोती टाकली आणि ५०, ५२ आणि ५० टन घेतले.

सहाही जणांचे आकडे एकत्र केले, तर खत आणि टनेज यांचा सहसंबंध गुणांक ०.९५ येतो. १ म्हणजे सगळे बिंदू एका चढत्या रेषेवर, त्यामुळे ०.९५ भरभक्कमच. हिशोब सांगतो, एका पोत्यामागे साडेतीन टनांहून जास्त ऊस. खतविक्रेत्याला आणखी काय हवे?

आता हलक्या जमिनीची तीनच शेते पाहा. दोन पोत्यांना ३० टन, चार पोत्यांनाही ३०. काळ्या जमिनीतही तीच गत. सारखी जमीन असलेल्यांमध्ये सहसंबंध शून्य. चांगली जमीन आणि पाणी असलेला शेतकरी खताला हात आखडत नाही, आणि त्याचा ऊस मुळातच जोमदार असतो. फरक जमिनीचा, श्रेय मात्र पोत्याला.

खरी गंमत पुढे आहे. पोती तीच ठेवून टनेज थोडे बदलू. हलक्या जमिनीत ३०, ३१, ३२ आणि काळ्यात ५०, ५१, ५२ केले, तर प्रत्येक पोत्याने एक टन वाढतो आणि एकूण सहसंबंध ०.९७ होतो. उलट ३२, ३१, ३० आणि ५२, ५१, ५० केले, तर प्रत्येक पोत्याने एक टन घटतो, तरीही सहसंबंध ०.९२! खत तारते, मारते की काहीच करत नाही, हे त्या एका आकड्यावरून ओळखताच येत नाही.

जमिनीनुसार गट पाडले की संपले, असेही नाही. गट पाडता येतात ते आपल्याला ठाऊक असलेल्या कारणांचे. बेणे, लागणीचा हंगाम, शेतकऱ्याचा अनुभव राहूनच जातो. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरने यावर तोड काढली: कोणत्या वाफ्याला किती खत, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. चिठ्ठीला जमिनीचा कस कळत नाही, त्यामुळे माहीत नसलेली कारणेही दोन्हीकडे साधारण सारखी वाटली जातात. वाफे मोजकेच असले, तर मात्र चिठ्ठीही एखाद्या बाजूला झुकू शकते.

माणसांना सिगारेट ओढायला लावणारी चिठ्ठी टाकता येत नाही. म्हणून धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा कार्यकारण संबंध फिशरने स्वतःच नाकारला. दोन्हींमागे आनुवंशिक कारण असेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याला १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी गणिताने उत्तर दिले: धूम्रपान करणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि तो सगळा त्या आनुवंशिक गुणाचा असेल, तर तो गुण त्यांच्यात इतरांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवा. असा गुण कोणी दाखवू शकले नाही.