दोष नक्की कोणत्या मशीनचा?

कार्ड चाललं नाही की ग्राहक बँकेवर चिडतो आणि कॅशियर नेटवर्कला दोष देतो. मशीनच खराब आहे का, हे एका काउंटरवर उभं राहून कळत नाही. त्यासाठी सगळ्या शाखांचे आकडे शेजारी ठेवावे लागतात.

आधी फसलेल्या व्यवहारांची विभागणी करायची. प्रत्येक नकारासोबत बँकेकडून एक कोड येतो. 51 म्हणजे खात्यात पैसे कमी, 55 म्हणजे पिन चुकला, 91 म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडून उत्तरच आलं नाही. यात दुकानातल्या मशीनचा दोष नाही, म्हणून हे व्यवहार बाजूला काढायचे. उरतात ते चिप वाचता न आलेले आणि मधेच जोडणी तुटलेले. एकाच ग्राहकाने तेच कार्ड लागोपाठ तीनदा घातलं असेल, तर ते एकच अपयश धरायचं; नाहीतर एका चिवट माणसामुळे चांगलं मशीन बदनाम होतं.

समजा, एका किराणा साखळीत असं अपयश सरासरी २ टक्के आहे. एका छोट्या शाखेत ५० व्यवहारांपैकी ३ फसले, म्हणजे ६ टक्के. दुसरीकडे १,२०० पैकी ६० फसले, म्हणजे ५ टक्के. टक्केवारी पाहून छोट्या शाखेकडे धावणं चूक ठरेल. तिथे एखादा व्यवहार फसणं अपेक्षितच होतं आणि एकाचे तीन योगायोगानेही होतात. मोठ्या शाखेत मात्र २४ अपेक्षित होते. त्यात पाच-दहाचा फरक पडू शकतो, ६० पर्यंत मजल जात नाही.

आता त्या शाखेतली तीन मशीनं टर्मिनल आयडीनुसार वेगळी करू. प्रत्येकावर ४०० व्यवहार झाले आणि फसले अनुक्रमे ८, ९ आणि ४३. तिसऱ्यावर बोट ठेवता येतं, पण ते लगेच बदलायला पाठवू नये. आधी आठवडाभर त्याची आणि पहिल्याची जागा बदलावी. अपयश मशीनसोबत गेलं, तर चिप वाचणारा भाग किंवा आतलं सिमकार्ड तपासायचं. ते जुन्याच काउंटरवर राहिलं, तर तिथे रेंज कमी आहे किंवा चार्जरची वायर सैल आहे; नवं मशीन आणूनही तिथे काही फरक पडणार नाही.

या पद्धतीची एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. चिप वाचलीच गेली नाही, तर विनंती बँकेपर्यंत पोहोचत नाही आणि बँकेच्या अहवालात त्या अपयशाची नोंदही होत नाही. शिवाय कंटाळलेला कॅशियर ग्राहकाला शेजारच्या काउंटरवर पाठवतो. त्यामुळे सगळ्यात वाईट मशीन कागदावर निर्दोष दिसू शकतं. म्हणून अपयशाच्या टक्केवारीबरोबर प्रत्येक मशीनवरच्या एकूण व्यवहारांची संख्याही पाहावी. गर्दीच्या काउंटरवरचं एखादं मशीन अचानक निम्म्यावर आलं, तर आधी त्या कॅशियरला विचारावं.