दोन मथळे, एक मोजमाप

सलूनच्या इन्स्टाग्राम पोस्टखाली कोणत्या पद्धतीचा मजकूर लिहिल्यास जास्त चौकशा येतात, हे ठरवायचे तर दोन पोस्टमध्ये फरक फक्त मजकुराचा असावा लागतो. समजा, हेअर स्पाच्या आठ पोस्ट करायच्या आहेत. चार पोस्टचा मजकूर दर आणि लागणारा वेळ सांगून सुरू होतो. उरलेल्या चारांचा, पावसाळ्यात केस का राठ होतात या प्रश्नाने. फोटो एकाच धाटणीचे, पोस्टची वेळ तीच आणि दोन्ही प्रकार आलटून पालटून. सणाचा किंवा लग्नसराईचा आठवडा एकाच प्रकाराच्या वाट्याला आला, तर तुलना बिघडते.

चौकशी कोणत्या पोस्टमुळे आली, हे कळण्यासाठी शेवटची सूचना सारखीच ठेवून शब्द मात्र वेगळा द्यावा: एकीकडे ‘व्हॉट्सअ‍ॅपवर चमक लिहून पाठवा’, दुसरीकडे ‘रेशीम’. फोनवर विचारणाऱ्यांनाही पोस्टमधला शब्द विचारून वहीत नोंद करावी. लाइक मोजू नयेत. लाइक करणारा अपॉइंटमेंट घेईलच असे नाही.

समजा, पहिला प्रकार 3600 खात्यांपर्यंत पोहोचला आणि 18 चौकशा आल्या. दुसरा 2000 खात्यांपर्यंत पोहोचून 14 आल्या. आकडा पहिल्याचा मोठा, पण हजारी प्रमाण पहिल्याचे 5 आणि दुसऱ्याचे 7. तरीही एवढ्या थोड्या चौकशांतला फरक योगायोगाचा असू शकतो. पुढच्या फेरीतही तोच प्रकार पुढे राहिला, तरच त्यावर भिस्त ठेवावी.