पहिल्या वर्षी 99 रुपये, दुसऱ्या वर्षी किती? : वेबसाइटच्या स्वस्त ऑफरचा खरा हिशेब

बडोद्याच्या आमच्या शाखेत एका सकाळी एक काकू पासबुक घेऊन आल्या. घरी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकतात. गावातल्या मराठी घरांतून मागणी असतेच, शिवाय बाहेरगावच्याही ऑर्डर येऊ लागल्या म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वी भाच्याकडून वेबसाइट करून घेतली होती. पासबुकातल्या एका नोंदीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, हे नऊ हजार नव्वद रुपये कोणी काढले? मी कोणाला ओटीपी दिला नाही, कसल्या लिंकवर बोटही लावलं नाही."

नोंद पाहिली. फसवणूक नव्हती. वेबसाइटच्या कंपनीने दुसऱ्या वर्षाचे पैसे वसूल केले होते. पहिल्या वर्षी काकूंनी भरले होते 2,227 रुपये. त्यामुळे दुसऱ्या वर्षीही तेवढेच लागतील, असे त्या धरून चालल्या होत्या. रक्कम चौपट झाली कशी, हे आपण त्यांच्याच पावत्यांवरून पाहू.

दोन वेगळ्या वस्तू

वेबसाइटसाठी दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात. पहिली डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता. शेवटी .com किंवा .in असते ते नाव. दुसरी होस्टिंग, म्हणजे आपली पाने, फोटो आणि मजकूर ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने घेतलेली जागा. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर डोमेन ही पाटी आणि होस्टिंग हा गाळा. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घेतलेच पाहिजे असे नाही. पण जाहिरातीत दोन्ही एकत्र बांधून दिले जाते, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या हिशेबाने आपल्या नावावर राहते आणि एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी घेता येते. म्हणजे ते स्वभावानेच भाडे आहे, आणि भाडे दरवर्षी द्यावे लागते.

99 रुपयांत परवडते कसे?

परवडत नाही. .com नावांची मूळ नोंदवही व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. आपल्याला नाव विकणारी कंपनी या नोंदवहीला प्रत्येक नावामागे दरवर्षी ठरलेली रक्कम देते. सप्टेंबर 2024 मध्ये हा दर 10.26 डॉलर झाला, म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास. त्यावर थोडे इतर शुल्कही असते. मग 99 रुपयांना नाव विकणारी कंपनी पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून सातआठशे रुपये घालते. हा तिचा ग्राहक मिळवण्याचा खर्च आहे. तो पुढच्या वर्षांतून वसूल होईल, हे तिने आधीच धरलेले असते.

होस्टिंगचे गणित थोडे निराळे आहे. स्वस्त योजनेत एकाच संगणकावर शेकडो वेबसाइट ठेवलेल्या असतात, त्यामुळे एका ग्राहकामागचा खर्च कमीच असतो. इथे दर वाढतो तो दुसऱ्या कारणाने. एकदा पाने, फोटो, ऑर्डरची नोंद आणि ईमेल एका ठिकाणी बसले की ते उचलून दुसरीकडे नेणे कटकटीचे काम असते. बहुतेक ग्राहक ते टाळतात, आणि हे विक्रेत्याला ठाऊक असते.

काकूंच्या दोन पावत्या

पहिल्या वर्षी डोमेन 99 रुपये. जाहिरातीत होस्टिंग "फक्त 79 रुपये महिना" असे होते, पण तो दर 48 महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी होता. त्यासाठी त्याच दिवशी 3,792 रुपये आणि वर जीएसटी भरावा लागला असता. काकूंनी एकाच वर्षाचे घेतले, म्हणून त्यांना 149 रुपये महिना लागला, म्हणजे वर्षाचे 1,788. दोन ईमेल खाती पहिल्या वर्षी मोफत होती. बेरीज 1,887 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,227.

दुसऱ्या वर्षी डोमेन 1,499 रुपये. होस्टिंग 399 रुपये महिना, म्हणजे 4,788. आधी मोफत असलेली ईमेल खाती आता प्रत्येकी 59 रुपये महिना, म्हणजे दोन्हींचे वर्षाला 1,416. बेरीज 7,703 आणि जीएसटीसह 9,090 रुपये.

यातला कोणताही आकडा लपवलेला नव्हता. पैसे भरण्याच्या पानावर, ठळक किमतीच्या खाली, बारीक अक्षरांत "Renews at" असे लिहून हे दर दिले होते. ती ओळ कोणी वाचली नव्हती, एवढेच.

आता दुसऱ्या एका विक्रेत्याचे दर पाहू. त्याच्याकडे सवलत काहीच नव्हती. डोमेन दरवर्षी 1,100, होस्टिंग 199 रुपये महिना, दोन ईमेल खाती त्यातच. जीएसटी धरून वर्षाला 4,116 रुपये. पहिल्या वर्षी हा माणूस जवळजवळ दुप्पट महाग दिसतो. पण तीन वर्षांची बेरीज करा. सवलतवाल्याकडे 2,227 अधिक 9,090 अधिक 9,090, म्हणजे 20,407 रुपये. बिनसवलतवाल्याकडे 12,348. जो महाग वाटला तो तीन वर्षांत आठ हजारांनी स्वस्त पडला.

म्हणून वेबसाइटची ऑफर पाहताना पहिल्या वर्षाच्या किमतीला किंमत म्हणू नका. तीन वर्षांची बेरीज कागदावर काढा आणि तिला 36 ने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा महिन्याचा खर्च. काकूंच्या बाबतीत तो जाहिरातीतल्या 79 रुपयांऐवजी 567 रुपये होता.

ओटीपीशिवाय पैसे कसे गेले?

पहिल्या वर्षी कार्डाने पैसे भरताना "Auto-renew" सुरू ठेवले गेले होते आणि ओटीपी टाकून त्याला संमतीही दिली गेली होती. बँकेच्या भाषेत हा ई-मॅन्डेट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असा मॅन्डेट एकदा नोंदवला की 15,000 रुपयांपर्यंतची पुढची वसुली नव्या ओटीपीशिवाय होऊ शकते. मात्र पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला कळवावे लागते. काकूंच्या फोनवर तो संदेश आलेला होता. जाहिरात समजून त्यांनी तो उघडलाच नाही. संमती दिलेली असल्याने हा व्यवहार अनधिकृत ठरत नव्हता, आणि पैसे परत मिळाले नाहीत.

तुमच्या कार्डावर किंवा यूपीआयवर कोणते मॅन्डेट चालू आहेत, हे बँकेच्या ॲपमध्ये पाहता येते आणि नको असलेला तिथेच रद्द करता येतो. एक लक्षात ठेवा : काही विक्रेते मुदत संपण्याच्या पंधरा दिवस ते महिनाभर आधीच पैसे कापतात. म्हणून निर्णय त्याच्याही आधी व्हायला हवा.

मॅन्डेट रद्द केला, आता?

इथे उलट बाजूची चूक होते. वाढीव दर पाहून रागाने मॅन्डेट रद्द करायचा आणि विषय सोडून द्यायचा. होस्टिंग बंद पडले तर आणि पानांची प्रत आपल्याकडे असेल, तर ते दुसरीकडे पुन्हा मांडता येते. डोमेन गेले तर मात्र पत्ताच जातो. तुमच्या पुड्यांवर आणि कार्डांवर तेच नाव छापलेले असते.

.com नावाची मुदत संपली की वेबसाइट आणि ईमेल बंद पडतात. त्यानंतर काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येते. हा काळ विक्रेत्यावर अवलंबून असतो आणि जास्तीत जास्त 45 दिवसांचा असतो. नाव खोडले गेले की पुढचे 30 दिवस ते सोडवून आणता येते, पण त्यासाठी वेगळे आणि मोठे शुल्क पडते. शेवटचे 5 दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते नाव कोणीही घेऊ शकतो. काही विक्रेते तर त्याआधीच नाव लिलावात काढतात. .in नावांचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते. तिथल्या मुदती वेगळ्या असू शकतात, त्या विक्रेत्याकडून विचारून घ्या.

विक्रेता बदलता येतो

हे अनेकांना माहीत नसते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसेच डोमेनचे आहे. घेतल्यापासून 60 दिवस उलटले की .com नाव दुसऱ्या विक्रेत्याकडे नेता येते. जुन्या विक्रेत्याच्या खात्यात जाऊन नावावरचे कुलूप काढायचे, तिथून मिळणारा गुप्त कोड घ्यायचा आणि नव्या विक्रेत्याला द्यायचा. नवा विक्रेता एका वर्षाचे पैसे घेतो, पण ते वर्ष उरलेल्या मुदतीला जोडले जाते. त्यामुळे आधी भरलेले पैसे वाया जात नाहीत. या कामाला काही दिवस लागू शकतात, म्हणून मुदत संपण्याच्या किमान दीड महिना आधी सुरुवात करा.

हे करता येण्यासाठी एक अट आहे. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर नोंदलेले हवे. काकूंचे डोमेन भाच्याच्या नावावर होते. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी येणाऱ्या सूचना त्याच्या ईमेलवर जात होत्या, आणि तो तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता. वेबसाइट करणारा घरचा असो की बाहेरचा, नोंदणी मालकाच्याच नावाने करून घ्या. त्यासाठी वापरलेला ईमेलही या डोमेनवरचा नको, वेगळा हवा. नाहीतर वेबसाइट बंद पडली की सूचना येणारा ईमेलही बंद पडेल.

काकूंनी पुढे तेच केले. आधी भाच्याकडून नाव आपल्याकडे वळवून घेतले. मग दुसरे वर्ष संपण्याच्या दोन महिने आधी डोमेन आणि पाने बिनसवलतवाल्या विक्रेत्याकडे नेली, आणि नवी व्यवस्था सुरळीत चालल्यावरच जुना मॅन्डेट रद्द केला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या खात्यातून 4,116 रुपये गेले. पुढच्या नूतनीकरणाची तारीख आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली आहे, मुदतीच्या दोन महिने आधीच्या चौकोनात.