मास्कखालचं नाक कुणाचं?

२०२१ सालच्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडला की मोजकेच पाहुणे दिसतात आणि त्यातल्या निम्म्यांचे चेहरे डोळ्यांपासून वरच दिसतात. त्या दिवसांत पैठणीच्या काठाला शोभतील असे जरीचे मास्क शिवून मिळत होते, काहींवर तर मण्यांची नथच टाकलेली असे. आता चारपाच वर्षांनी असा एखादा फोटो हातात घेऊन घरातलं कुणी म्हणतं, ‘एवढा मास्क काढून देता येईल का?’

येतो. मोबाइलवरच्या फोटोत चेहऱ्यावरचा मास्क पुसून तिथे नाक, ओठ आणि हनुवटी बसवणं आज अवघड राहिलेलं नाही. पण जे नाक उमटतं, ते त्या माणसाचं असतंच असं नाही.

समजा, फोटो आजींचा आहे. निळा सर्जिकल मास्क, कपाळावर मोठं कुंकू, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. संगणकाने तो २५६ बाय २५६ ठिपक्यांचा करून घेतला, तर एकूण ६५,५३६ ठिपके, म्हणजे पिक्सेल, होतात. मास्कने त्यातला पाव भाग व्यापला असेल, तर सोळा हजारांवर पिक्सेल नव्याने भरायचे आहेत. मास्कच्या कापडाखाली त्वचेचा फोटो दडलेला नसतो. कॅमेऱ्यापर्यंत प्रकाश आला तो कापडावरून. त्यामुळे ‘मास्क काढणं’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. इथे काढण्यासारखं काही नसतं, नव्याने रंगवायचं असतं.

दक्षिण कोरियातल्या सुंगक्युनक्वान विद्यापीठातल्या निझाम उद दिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हे काम दोन टप्प्यांत विभागून दाखवलं. पहिला टप्पा फक्त मास्क कुठे आहे ते शोधतो आणि काळा-पांढरा नकाशा तयार करतो. मास्कची जागा पांढरी, बाकी सगळं काळं. ऐकायला सोपं वाटतं, पण पुढचं बरंचसं यश याच नकाशावर ठरतं. कानामागे जाणारी नाडी सुटली, तर गालावर एक निळसर रेघ तरंगत राहते. मास्कची गालावर पडलेली सावली सुटली, तर ती सावली दाढीची किंवा काळवंडलेल्या त्वचेची सुरुवात आहे असं समजून यंत्र तसंच पुढे रंगवत नेतं.

दुसरा टप्पा जागा भरण्याचा. हे शिकवायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. एकाच माणसाचा त्याच क्षणी, त्याच उजेडात मास्कसह आणि मास्कविना फोटो कुठून आणणार? मग उलटा रस्ता धरला गेला. उघड्या चेहऱ्यांचे फोटो घ्यायचे आणि संगणकानेच त्यांच्यावर मास्क चढवायचे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये तयार झालेलं ‘मास्क द फेस’ हे साधन हेच करतं. चेहऱ्यावरच्या ठरावीक खुणांचे बिंदू शोधून मान किती कललेली आहे ते बघतं आणि त्या बेताने मास्क बसवतं. असे बिंदू शोधणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत चेहऱ्यावर ६८ बिंदू असतात. त्यातले १७ जबड्याच्या कडेचे, ९ नाकाचे आणि २० ओठांचे. म्हणजे ज्या ४६ बिंदूंनी नाक, ओठ आणि जबडा ओळखायचा, नेमके त्यातलेच बहुतेक मास्क झाकतो.

अशा लाखो जोड्यांमधून यंत्राला काय कळतं? बरंच काही. दोन डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेवरून मान किती तिरकी आहे ते कळतं. कपाळाची कुठली बाजू उजळ आहे यावरून नाकाची सावली कुठे पडेल ते ठरतं. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या असतील, तर ओठांच्या बाजूलाही रेषा हव्यात. गाल वर चढून डोळे बारीक झाले असतील, तर खाली हसू आहे. मास्कची घडीसुद्धा साक्ष देते. नाकावर कापड किती उंच उचललं गेलंय आणि हनुवटीखाली कुठे संपतंय, यावरून ढोबळ बांधा मिळतो.

मात्र ओठ जाड की पातळ, दात पुढे की मागे, हनुवटीवर तीळ आहे की नाही, हे डोळे सांगत नाहीत. इथे यंत्राला अंदाजच करावा लागतो, आणि तो कसा केला जातो हे समजून घेण्यासारखं आहे. यंत्राला फक्त ‘खऱ्या फोटोपासून तुझा रंग कमीत कमी चुकू दे’ एवढंच शिकवलं, तर ते सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं. तशाच डोळ्यांच्या निम्म्या माणसांचं तोंड मिटलेलं आणि निम्म्यांचं उघडं असेल, तर सरासरी म्हणजे धुक्यातलं तोंड, ना धड मिटलेलं ना धड उघडं. म्हणून समोर एक परीक्षक बसवतात. खरा फोटो कुठला आणि रंगवलेला कुठला, हे ओळखणं एवढंच त्याचं काम. कोरियातल्या त्या रचनेत असे दोन परीक्षक होते, एक अख्खा चेहरा तपासणारा आणि दुसरा मास्कच्या जागेवर लक्ष ठेवणारा. परीक्षकापुढे धूसर तोंड टिकत नाही, म्हणून यंत्र अनेक शक्यतांपैकी एकच निवडून ती ठसठशीत रंगवतं. चित्र खरं वाटायला लागतं ते इथे, आणि आपली फसगत होते तीही इथेच. अंदाज तेवढाच कच्चा राहतो, फक्त त्याच्यावरचं धुकं जातं.

निवड कुणाच्या बाजूने झुकते, ते शिकवणीच्या फोटोंवर ठरतं. कोरियातल्या संशोधकांनी वापरलेल्या ‘सेलेब-ए’ संग्रहात दोन लाखांवर फोटो आहेत, पण ते नामवंतांचे. त्यात नऊवारीतली, नाकात नथ घातलेली सत्तरीची बाई शोधावीच लागेल. मग आजींच्या फोटोत नथ परत येत नाही, नाकपुडीवरचं छिद्रही येत नाही, आणि गाल वयापेक्षा वीस वर्षांनी तुकतुकीत होतात. २०२० सालीच अंधूक फोटो स्पष्ट करणाऱ्या ‘पल्स’ या ड्यूक विद्यापीठाच्या पद्धतीला बराक ओबामांचा ठिपकेदार फोटो दिला गेला, तेव्हा एका गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला होता. काम थोडं वेगळं होतं, पण दोष हाच.

म्हणूनच असा चेहरा ओळख पटवण्यासाठी वापरणं धोक्याचं आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने जुलै २०२० मध्ये ८९ प्रणाली तपासल्या. फोटोंवर संगणकाने मास्क चढवल्यावर त्यातल्या चांगल्या प्रणालींच्याही चुकांचं प्रमाण ५ ते ५० टक्क्यांपर्यंत गेलं. तिथे कल्पनेतलं नाक बसवून नवी माहिती तयार होत नाही. उलट खोटी माहिती खऱ्यासारखी दिसू लागते, आणि एखाद्या निरपराध माणसाचा चेहरा तिच्याशी जुळू शकतो.

रंगवलेला भाग ओळखायचा असेल, तर फोटो मोठा करून आधी डोळ्यांखालची पट्टी बघावी. कपाळावर फोटोचे बारीक कण दिसतात आणि गालावर अचानक लोण्यासारखी सफाई येते, तिथे जोड आहे. मग कान बघावेत. नाडी पुसली गेली तरी तिच्या ताणाने पुढे वाकलेला कान तसाच राहतो. दातांमधल्या फटी एकमेकींत मिसळलेल्या असतात. कल्ले पांढरे आणि हनुवटीवरचे खुंट काळे, असाही घोळ होतो. पण सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे तोच फोटो त्याच साधनातून चारपाचदा काढणं. बरीच नवी साधनं दर वेळी नवा अंदाज करतात. उजेड, मानेचा कल, त्वचेचा रंग दर वेळी जुळतात. ओठ आणि हनुवटी बदलत राहतात. जे बदलतं, ते फोटोतून आलेलं नसतं.

घरच्या फोटोसाठी चांगला मार्ग आहे. यंत्राला त्याच माणसाचे इतर फोटो द्यावेत. गूगल आणि तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली ‘मायस्टाइल’ ही पद्धत मांडली. तीत एका माणसाचे शंभरेक फोटो देऊन यंत्राला त्याच चेहऱ्याची ओळख करून देतात, म्हणजे झाकलेला भाग भरताना ते त्या माणसाच्याच चेहऱ्यातून निवड करतं. आजींचे शंभर फोटो निघणं कठीण. पण साठीच्या समारंभातला, समोरून काढलेला एक स्वच्छ फोटो असला, तरी चांगला फोटो-संपादक त्यातलं नाक आणि नथ घेऊन, कल आणि उजेड जुळवून हाताने बसवू शकतो. ते नाक निदान आजींचंच असेल.